हॉलिडे क्लबची मेंबरशिप दहा दिवसांच्या आत रद्द करायची आहे

मृण्मयी_क | गुरुवार, १२ तारीख, सकाळी ९.४०

माझे आई-बाबा नाशिकला असतात, मी पुण्याला. गेल्या रविवारी, म्हणजे ८ तारखेला, ते दोघं तिथल्या एका हॉटेलात लकी ड्रॉचं बक्षीस आणायला गेले आणि येताना पंचवीस वर्षांची हॉलिडे क्लब मेंबरशिप घेऊन आले. मॉलमध्ये कधीतरी कूपन भरलं होतं. फोन आला, अट एवढीच होती की जोडीनं या आणि क्रेडिट कार्ड जवळ ठेवा. संध्याकाळी पाचला गेलेले रात्री साडेनऊला सुटले. आईची शुगर आहे, तिला जेवायचं होतं, पण जेवणाचं कूपन सही झाल्यावरच मिळणार होतं.

किंमत ३,६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६४,८००, एकूण ४,२४,८००. त्यातले ८४,८०० बाबांच्या क्रेडिट कार्डावर घेतले. उरलेल्या ३,४०,००० चं एका फायनान्स कंपनीचं कर्ज तिथंच टेबलावर ओटीपी घेऊन काढलं. बाबांना वाटत होतं की हे कार्डाचेच हप्ते आहेत. वेगळं कर्ज आहे हे मेल वाचल्यावर मला कळलं.

तोंडी सांगितलं ते असं: दिवाळी आणि नाताळात कधीही बुकिंग मिळेल, न वापरलेल्या रात्री कंपनी भाड्यानं देईल आणि वर्षाला पैसे खात्यात टाकेल, आणि पाच वर्षांनी नको वाटली तर मूळ किमतीत परत घेईल. करारात यातलं एकही वाक्य नाही. उलट शेवटच्या पानावर बाबांची सही आहे की मला कोणतंही तोंडी आश्वासन दिलेलं नाही.

करारात असं कलम आहे की सही केल्यापासून १० दिवसांच्या आत लेखी रद्द केल्यास पैसे परत. सूचना कंपनीच्या मुंबईच्या नोंदणीकृत कार्यालयात 'मिळाली पाहिजे'. काल मी त्या विक्रीवाल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सोमवारी आमचे मॅनेजर सर नाशिकला येतायत, घरी येऊन सगळं क्लिअर करतील. तोवर काही पाठवू नका, फाइल होल्डवर जाते."

बाबांचं म्हणणं आहे की सोमवारपर्यंत थांबू, पोरगा चांगला होता, त्यानं शब्द दिलाय. काय करू? पत्रात कारण काय लिहायचं? आणि कर्जाचं काय होतं?

---

डोंगरवेडा | १०.०५

एक दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे एका मोठ्या क्लबची मेंबरशिप बरीच वर्षं आहे आणि आम्ही ती पुरेपूर वापरली. मुलं लहान असताना दरवर्षी कुठे ना कुठे जाणं झालं, खोल्या स्वच्छ, स्वयंपाकाची सोय. सगळेच लुटारू नसतात. आधी आई-बाबांना खरंच नको आहे का ते विचारा.

---

मृण्मयी_क | १०.२०

आईला पहिल्यापासून नको होती. बाबांचे गुडघे गेलेत, मागची चार वर्षं ते शिर्डीच्या पुढे गेलेले नाहीत. आणि वर्षाला जो मेंटेनन्स भरायचा आहे, राहा किंवा राहू नका, तो त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. तो दरवर्षी वाढू शकतो असंही कलम आहे. बाबांना नको आहे, फक्त 'शब्द फिरवणं' बरं वाटत नाही.

---

लॉ_लास्ट_इयर | १०.३२

घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ३० दिवसांत पैसे परत करण्याची तरतूद आहे, कलम २(४७) वाचा. पैसे परत न करणं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा. तेव्हा दहा दिवसांची घाई करायची गरज नाही, महिनाभर आहे. शिवाय दबावाखाली सही घेतली आहे, म्हणजे करार कायदा कलम १६ आणि १९-ए नुसार करार रद्द करता येतो. पत्रात सगळी हकीकत सविस्तर लिहा, जेवण अडवलं ते पण लिहा.

---

खडूस_कारकून | ११.१५

लॉ भाऊ, ते कलम पूर्ण वाचा. सदोष माल किंवा त्रुटीची सेवा परत घ्यायला नकार दिला तर, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस. इथे माल सदोष नाही, गिऱ्हाइकाचं मन बदललंय. मन बदललं म्हणून करार मोडायचा सरसकट हक्क आपल्याकडे कायद्यानं दिलेला नाही, आणि टाइमशेअरसाठी, म्हणजे असल्या हॉलिडे क्लबांसाठी, वेगळा कायदाही नाही. मृण्मयीताईंना जो हक्क आहे तो त्या करारातल्या कलमानं दिलाय आणि तो दहा दिवसांनी संपतो. तुमच्या सल्ल्यानं महिनाभर थांबल्या तर हातातलं सोपं हत्यार जाईल आणि ग्राहक आयोगात दोन वर्षं दबाव सिद्ध करत बसावं लागेल.

(मी बँकेत कार्ड तक्रारींच्या टेबलावर बरीच वर्षं होतो, आता निवृत्त. ग्राहक चळवळीत थोडं काम करतो. असले कागद पुष्कळ पाहिलेत.)

ताई, आता तुमचं.

सोमवारी कुणीही घरी येणार असेल तर येऊ द्या, पण पत्र उद्या गेलं पाहिजे. दिवस मोजून बघा. सहीचा दिवस धरला तर मुदत मंगळवारी १७ ला संपते, दुसऱ्या दिवसापासून मोजली तर बुधवारी १८ ला. कंपनी १७ च धरणार असं समजा. मॅनेजर सोमवारी १६ ला येणार, "दोन दिवसांत करून देतो" म्हणणार, आणि झालं. हा योगायोग नसतो.

पत्र बाबांच्या नावानं आणि त्यांच्याच सहीनं हवं. आई सह-सदस्य असेल तर तिचीही सही घ्या, नाहीतर नंतर "एकाच सदस्याची विनंती" म्हणून परत येतं. तुमच्या मेलवरून तुमच्या नावानं गेलेल्या पत्राला ते उत्तरच देणार नाहीत.

आणि पत्र चार ओळींचं ठेवा. मुदतीच्या आत रद्द करायला कारण लागत नाही. कारण दिलं की ते कारणावर बोलतात. जेवण अडवलं लिहिलंत की माफी येईल आणि एक फुकट जेवण येईल. बुकिंगचं खोटं सांगितलं लिहिलंत की "आम्ही तुम्हाला वरचा सीझन देतो" येईल. या सगळ्यात कॅलेंडर पुढे सरकतं. मजकूर साधारण असा, इंग्रजीत टाका:

"अर्ज क्रमांक अमुक, करार दिनांक ८. करारातील कलम तमुक नुसार मी ही सदस्यता मुदतीच्या आत रद्द करीत आहे. भरलेले रु. ८४,८०० मूळ कार्डावर परत करावेत आणि अमुक फायनान्स कंपनीचे रु. ३,४०,००० चे कर्ज, खाते क्रमांक तमुक, रद्द करून तसे पत्र द्यावे. कोणतीही सुविधा, व्हाउचर वा बुकिंग मी वापरलेले नाही. बदली योजना, अपग्रेड किंवा स्थगिती मला नको."

शेवटचं वाक्य गाळू नका.

---

सुगरण_शैला | ११.४०

मृण्मयी, व्हाउचरला हातसुद्धा लावू नकोस!! आमच्या बाबतीत तेच झालं. 'स्वागत भेट' म्हणून तीन रात्रींचं व्हाउचर दिलं होतं, ह्यांनी दुसऱ्याच आठवड्यात उत्साहानं महाबळेश्वर बुक केलं. गेलो पण नाही, नुसतं बुकिंग. नंतर रद्द करायला गेलो तर म्हणे तुम्ही सदस्यत्वाचा लाभ घेतला, आता कूलिंग-ऑफ, म्हणजे रद्द करायची मुदत, लागू नाही. कागदात खरंच तसं लिहिलं होतं.

---

मृण्मयी_क | ११.५२

बापरे. आमच्याकडे एक व्हाउचरचं पाकीट आणि एक ट्रॉली बॅग आहे. बॅग आईनं उघडून बघितली, व्हाउचर अजून स्क्रॅच केलेलं नाही.

---

खडूस_कारकून | १२.०५

दोन्हीचे फोटो काढा आणि पत्रात एक ओळ वाढवा की भेटवस्तू न वापरता परत करायला तयार आहे, कुरिअर पाठवून घेऊन जावी. बॅग उघडून बघणं म्हणजे लाभ घेणं नव्हे.

---

लीड्सकर | १२.४८

इकडे यूकेमध्ये टाइमशेअरला १४ दिवस कायद्यानंच मिळतात, २०१० चे नियम आहेत, आणि त्या १४ दिवसांत कंपनीला आगाऊ पैसे घ्यायचीच बंदी आहे. युरोपात पण तसंच. रद्द करायचा छापील फॉर्मच जर दिला नसेल तर मुदत वर्षभरानं वाढते. तुम्ही त्यांना हा मुद्दा लिहा ना? आम्हाला पण गोव्याला कळंगुटच्या किनाऱ्यावर एका पोरानं स्क्रॅच कार्ड दिलं होतं. बायकोचं नेहमी 'पहिलं बक्षीस' निघतं, ते घ्यायला टॅक्सीनं रिसॉर्टवर चला म्हणे. आम्ही टॅक्सीत बसलोच नाही.

---

खडूस_कारकून | १३.१०

लीड्सकर, नाशिकात सही झालेल्या, मुंबईच्या कंपनीच्या कराराला तुमचे नियम लागत नाहीत. ते लिहिलंत तर पत्र वाचणारा हसेल. पण १४ दिवसांवरून एक कामाचं आठवलं, ते संध्याकाळी लिहितो, आता जेवतो.

---

एकेकाळी_क्लोजर | १४.२५

मी ही नोकरी केली आहे, इंदूर आणि मग पुणे. नाव विचारू नका.

टेबलावरचा मुलगा किंमत ठरवत नाही. त्याचं काम तुम्हाला "फिरायला आवडतं", "कुटुंबासाठी वेळ हवा" असं तीन-चार वेळा हो म्हणायला लावायचं. मग तो पॅडवर हातानं आकडे लिहितो, पंचवीस वर्षांचं हॉटेलचं भाडं दहा-बारा लाख वगैरे. मग 'मॅनेजर' येतो आणि किंमत पाडतो, आजच्या रात्रीपुरती. मध्येच कुठल्यातरी टेबलावर टाळ्या वाजतात, माइकवर अभिनंदन होतं. त्यातली काही टेबलं आमचीच असायची.

सगळ्यात महत्त्वाचं, सहीनंतर जो पडताळणीचा फोन होतो तो. "कुणी तोंडी काही सांगितलं का?" "नाही." "दर वर्षीचं शुल्क समजलं का?" "हो." तो फोन यायच्या आधी आम्हीच सांगायचो की फक्त हो-नाही बोला, नाहीतर ऑफर सिस्टीममधून उडते. ते रेकॉर्डिंग कंपनी जपून ठेवते. आणि हातानं लिहिलेला पॅडचा कागद टेबलावरून परत घ्यायचा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. कारण तोच एक पुरावा.

---

मृण्मयी_क | १४.५०

तुम्ही लिहिलंत म्हणून आईला फोन केला. तो कागद तिच्याकडे आहे! मुखवास त्यात गुंडाळून पर्समध्ये टाकला होता. त्यावर पेननं "दिवाळी ✓ डिसें ✓" आणि खाली "५ वर्ष – बायबॅक १००%" लिहिलंय, कंपनीचं चिन्ह छापलेलं आहे वर. पडताळणीचा फोनही अगदी असाच झाला होता म्हणे, बाबा "हो सर, हो सर" करत होते.

---

लॉ_लास्ट_इयर | १५.०५

मग तर केस पक्की! हा कागद पत्राला जोडाच. लेखी करारापुढे तोंडी गोष्टी चालत नाहीत हे खरं, पण फसवणूक दाखवायची असेल तर त्या नियमाला अपवाद आहे. नवीन साक्ष अधिनियमातही तो आहे. नंतर कंपनी म्हणेल की तुम्ही तेव्हा का नाही बोललात.

---

खडूस_कारकून | १८.४०

अपवादाचं लॉ भाऊ बरोबर बोलले. जोडण्याच्या बाबतीत मात्र मी अजूनही उलट मताचा आहे. तो कागद म्हणजे दहा दिवस हुकले तर वापरायची गोष्ट. आज त्याचा स्वच्छ फोटो काढा, आईला तारखेसह दोन ओळी लिहून ठेवायला सांगा की कुणी लिहिला, कुठल्या टेबलावर, आणि मूळ कागद पिशवीत घालून ठेवा. रद्द करणाऱ्या पत्रात तो आला की पत्राचा सूर तक्रारीचा होतो, आणि तक्रारीची 'चौकशी' करता येते. साध्या रद्द करण्याची चौकशी करायला काही उरत नाही. फार तर आठवडाभरानं वेगळा मेल पाठवून नोंदवा.

आता पाठवण्याचं. 'मिळाली पाहिजे' असं कलम आहे, म्हणून एकाच वाटेवर भिस्त ठेवू नका. बाबांच्या नोंदलेल्या मेलवरून, सही केलेल्या पत्राची पीडीएफ जोडून, करारात जो मेल दिलाय त्यावर आजच रात्री पाठवा. विक्रीवाल्या मुलाला फक्त प्रत. सकाळी नाशिकच्या पोस्टातून स्पीड पोस्ट. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्येच मिळवलंय, तेव्हा काउंटरवर नोंदणीची जोड मागा, म्हणजे पत्र ज्याच्या नावानं आहे त्यालाच किंवा त्यानं नेमलेल्या माणसाला दिलं जाईल. पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट, दोन्ही ठेवा. खासगी कुरिअर नको, त्यांचा "पार्टी नॉट अव्हेलेबल" शेरा तुमच्या मुळावर येतो. मुंबईत कुणी नातेवाईक असेल तर तिसरी प्रत हातानं देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही. शाखेत जाऊन दिलेलं पत्र मात्र कंपनीला मिळालं असं ते धरत नाहीत, कलमात पत्ता मुंबईचा आहे.

कर्जाचं जरा अवघड आहे. फायनान्स कंपनीनं मेलवर जो मुख्य तपशिलाचा तक्ता पाठवलाय त्यात कर्जाची स्वतःची कूलिंग-ऑफ मुदत असेल. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत ती किमान एक दिवसाची आहे, म्हणजे बहुतेक तुमची संपली. आणि ती चालू असती तरी कर्जदारानं मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडायचं असतं. मुद्दल तर क्लबकडे गेलंय. म्हणून खरा मार्ग एकच, क्लबनं कर्जाची रक्कम परत पाठवायची आणि फायनान्स कंपनीनं खातं बंद करायचं. तुम्ही फायनान्स कंपनीलाही आजच मेल करा की ज्या खरेदीसाठी कर्ज घेतलं ती रद्द केली आहे, पत्राची प्रत सोबत.

बँकेत जाऊन हप्त्याचं मॅन्डेट मात्र लगेच थांबवू नका. हप्ता फिरला तर सिबिलवर बाबांचं नाव खराब होतं, क्लबचं नाही.

---

मृण्मयी_क | १९.०५

तक्त्यात तीन दिवस लिहिलंय. संपले. पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला आहे.

---

खडूस_कारकून | १९.२०

मग तोवर वेळ आहे.

दुपारी म्हणालो ते १४ दिवसांचं. बाबांचं कार्ड व्हिसाचं आहे का? व्हिसाचा स्वतःचा नियम आहे की टाइमशेअर विकणाऱ्या दुकानदारानं, गिऱ्हाइकानं व्यवहाराच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत रद्द केलं तर कार्डावर पूर्ण पैसे परत केले पाहिजेत, मग त्यांच्या करारात काहीही असो. बँकेच्या फोनवरच्या माणसाला हे बहुधा ठाऊक नसतं. तक्रार 'फसवणूक' या खात्यात टाकू नका, ती लगेच फेटाळतात. पिन बाबांनी स्वतः टाकला ना. 'सेवा रद्द केली, परतावा मिळाला नाही' या खात्यात टाका. मेख एवढीच की दुकानदाराची नोंद टाइमशेअर म्हणून, संकेतांक ७०१२, झालेली असली पाहिजे. पुष्कळ क्लब स्वतःला हॉटेल किंवा ट्रॅव्हल एजन्सी म्हणून नोंदवून घेतात. तसं असेल तर नुसता करारातला दहा दिवसांचा हक्क दाखवायचा. पण आधी कंपनीला परताव्याला वेळ द्या, पहिल्या दिवशी बँकेत धावू नका.

---

निवांत_निशिगंधा | २०.३०

मी २०११ पासून मेंबर आहे, आता मेंटेनन्स परवडत नाही. मी पण असंच पत्र टाकू का स्पीड पोस्टनं?

---

खडूस_कारकून | २०.४१

नाही हो ताई, तुमची मुदत २०११ मध्येच संपली. तुमचा प्रश्न वेगळा आहे, सोडण्याच्या कलमाचा. वेगळा धागा काढा, करारातलं ते कलम टाइप करून टाका. आणि "तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या.

---

मृण्मयी_क | सोमवार, १६ तारीख, रात्री ९.१५

गुरुवारी रात्री मेल गेला. शुक्रवारी बाबांनी स्वतः पोस्टात जाऊन पत्र टाकलं. त्याच दिवशी दुपारी भांडुपच्या मावसभावानं प्रत हातानं दिली. रिसेप्शनवरची मुलगी शिक्का देईना, "लीगल डिपार्टमेंटला विचारावं लागेल." तो तिथंच बसून राहिला, शेवटी शिक्का मिळाला. स्पीड पोस्ट आज पोचल्याचं दिसतंय.

आज मॅनेजर आले. दोघं होते. बाबांनी चहा दिला. त्यांनी बॅगेतून एक फॉर्म काढला. मेंबरशिप सहा महिने 'होल्ड' करा, हप्ता लागणार नाही, वर चार रात्री जास्त. बाबा सही करायला पेन शोधत होते, आईनं पेन लपवलं. मी फोनवर होते. शेवटी बाबाच म्हणाले की मुलीशी बोला, पत्र गेलंय. ते म्हणाले पत्र आम्हाला मिळालंच नाही. आवक शिक्क्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर म्हणे ठीक आहे, बघतो.

---

एकेकाळी_क्लोजर | २१.४०

तो होल्डचा फॉर्म म्हणजे पहिली विनंती मागे घेतली असा अर्थ होतो. खाली बारीक अक्षरात असतं. आईंना माझा नमस्कार.

---

लॉ_लास्ट_इयर | २१.५५

एक खरंच विचारायचंय खडूस काका. मेल १२ लाच गेला, पण समजा फक्त पोस्टानं पाठवलं असतं आणि १९ ला पोचलं असतं, तर? करार कायद्यात माघार पाठवणाऱ्याच्या बाजूनं टाकल्याबरोबर पूर्ण होते, समोरच्याला लागू व्हायला त्याला कळावी लागते. मग टाकल्याची तारीख धरायची की मिळाल्याची?

---

खडूस_कारकून | २२.२०

ते कलम ४ प्रस्ताव आणि स्वीकृती मागे घेण्याबद्दल आहे, झालेला करार करारातल्याच हक्कानं मोडण्याबद्दल नाही, तेव्हा तसंच्या तसं बसेल का हा वादच आहे. शिवाय इथे 'मिळाली पाहिजे' असे शब्द आहेत. टाकल्याची तारीख धरा असं ग्राहकाच्या बाजूनं बोलता येईल, पण मी त्यावर कुणाचे सव्वाचार लाख लावणार नाही. तुमच्या प्राध्यापकांना विचारा आणि इथे लिहा.

---

मृण्मयी_क | पुढच्या महिन्याची ३ तारीख

अपडेट. कंपनीचं रद्द केल्याचं पत्र आलं. फायनान्स कंपनीच्या अ‍ॅपवर कर्ज 'बंद' दिसतंय, पण ना-देय पत्र अजून नाही, आणि प्रक्रिया शुल्क २,३६० परत आलेलं नाही. कार्डावर ७१,८६४ जमा झाले. ८४,८०० हवे होते. विचारलं तर म्हणे नियमानुसार कपात.

---

खडूस_कारकून | त्याच दिवशी

८४,८०० भागिले १.१८ करून बघा. ७१,८६४ येतात. म्हणजे त्यांनी १२,९३६ जीएसटी म्हणून ठेवून घेतलाय आणि 'तो सरकारजमा झाला' असं सांगतील. हे चालत नाही. व्यवहार रद्द झाला की विक्रेता क्रेडिट नोट काढतो आणि भरलेला कर स्वतःच्या पुढच्या भरण्यात कमी करून घेतो, त्याला त्यासाठी पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो. क्रेडिट नोटची प्रत मागा. क्रेडिट नोट काढली असेल तर ते पैसे तुमचे, आणि काढली नसेल तर का नाही काढली ते लेखी सांगा म्हणावं. करारात कपातीचं कलम आहे का तेही परत बघा. तुम्ही लिहिलंत त्यावरून 'पैसे परत' एवढंच आहे.

प्रक्रिया शुल्क सोडा. तक्त्यात ते दाखवलेलं असेल तर मुदतीत बाहेर पडलं तरी फायनान्स कंपनी वाजवी शुल्क ठेवू शकते, तुमची तर मुदतही गेली होती. ना-देय पत्र मात्र सोडू नका, आणि ५ तारखेला हप्ता कापला जात नाही ना ते खात्यात बघा. महिनाभरानं बाबांचा सिबिल अहवाल काढून खातं बंद दिसतंय का ते पण.

---

डोंगरवेडा | त्याच दिवशी

१२,९३६ साठी ग्राहक आयोगात जायचं म्हणजे वकिलाचीच फी जास्त होईल. झालं ते पुष्कळ झालं असं मला वाटतं.

---

खडूस_कारकून | त्याच दिवशी

वकील लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे नाशिकलाच, मुंबईला खेटे नाहीत. पण ती तिसरी पायरी. आधी कंपनीला क्रेडिट नोटचा मेल, १५ दिवसांची मुदत देऊन. सोबतच बँकेकडे उरलेल्या १२,९३६ पुरती तक्रार, 'अपुरा परतावा' म्हणून, कंपनीचं रद्द केल्याचं पत्र जोडून. ते पत्र हातात असताना बँकेला नाही म्हणायला फारशी जागा नाही, आणि या तक्रारीला मुदत असते म्हणून ती रेंगाळू देऊ नका. मग १९१५ वर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद. बऱ्याच कंपन्या तिथपर्यंत आल्या की देतात. नाही दिले तर ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन तक्रार.

---

मृण्मयी_क | त्याच दिवशी, रात्री

क्रेडिट नोटचा मेल आत्ता पाठवला, बाबांनी स्वतः टाइप केला, दोन बोटांनी. बँकेचं उद्या. ट्रॉली बॅग अजून न्यायला कुणी आलेलं नाही, ती दारामागे आहे.

---

सुगरण_शैला | त्याच दिवशी, रात्री

खडूस काका, आमच्या त्या महाबळेश्वरच्या बुकिंगला पुढच्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. आयोगात जायची मुदत दोनच वर्षं असते ना? कागद सगळे आहेत माझ्याकडे.

---

खडूस_कारकून | त्याच दिवशी, रात्री

हो, कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्याबाबतीत त्यांनी परतावा लेखी नाकारला ती तारीख कुठली आहे ते बघा, आणि 'लाभ घेतला' वालं कलम जसंच्या तसं इथे टाका. नुसतं बुकिंग करून रद्द केलं याला लाभ म्हणता येईल का, यावर भांडायला जागा आहे.